गठ्ठ्यांची यादी आणि दोन निर्देशांक: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातली मोजणीची पेटी आज टेबलावर आली. आत आर्डुइनो उनो, बाहेर बारकोड स्कॅनर आणि पावती छापणारा छोटा थर्मल प्रिंटर. गोदामात गठ्ठा आला की त्याच्या लेबलवर स्कॅनर धरायचा, बीप झाला की नंबर पेटीत जमा. पाळी संपली की पेटी सगळे नंबर चढत्या क्रमाने लावते, दुबार आलेले काढते आणि उरलेल्यांची पावती छापते. त्या पावतीवरून चलन बनतं.

तक्रार मुकादम काकांची. "मॅडम, गाडीत एकशेबेचाळीस गठ्ठे हायत, पावतीवर एकशेत्रेचाळीस. मी स्वतः दोनदा मोजलो. पेटी खोटं बोलतीय."

पेटीतला कोड आधीच्या कोणीतरी लिहिलेला आहे. दुबार काढणारा भाग असा:

```
for (i = 1; i < n; i++) {
  if (a[i] == a[i-1]) {
    for (j = i; j < n-1; j++) a[j] = a[j+1];
    n--;
  }
}
```

पहिल्या नजरेला बरोबर वाटतो. शेजारचे दोन सारखे असले की मागची सगळी रांग एक घर पुढे ओढायची आणि मोजणी एकाने कमी करायची. पण रांग ओढल्यावर `i` च्या घरात नवा नंबर येऊन बसतो, आणि तो तपासला जायच्या आत `i++` पुढे निघून जातं. लेबल दोनदा बीप झालं असेल तर चालून जातं. तीनदा झालं असेल तर तिसरा नंबर नेमका त्या न तपासलेल्या घरात येतो आणि वाचतो. काकांना विचारलं, एखाद्या गठ्ठ्यावर तीनदा बीप होतं का? म्हणाले, "लेबल चुरगळलं असलं की पोरं बीप ऐकू येईस्तोवर दाबत राहतात. दोनदा काय, चारदा बी होतंय." १४३ चा उलगडा बहुतेक इथेच आहे. चुरगळलेलं एक लेबल पुरे.

७ जानेवारी

सकाळी इंटर्नशिपला आलेल्या मुलाला कालचा कोड दाखवला. त्याचा पहिला प्रश्न: "ताई, दुसरा अॅरे घेऊन त्यात फक्त वेगळे नंबर टाकले तर? कशाला एवढी ओढाताण?"

संगणकावर मीही तेच केलं असतं. इथे जागेचा प्रश्न आहे. उनोवरच्या एटमेगा ३२८पी चिपमध्ये चालू कामाची मेमरी अवघी २०४८ बाइट. एका पाळीत ७०० बीपपर्यंत जागा ठेवली आहे, प्रत्येक नंबर दोन बाइटचा, म्हणजे १४०० बाइट यादीतच गेले. उरलेल्या ६४८ मध्ये प्रिंटर, स्कॅनर, सिरियलचे बफर आणि स्टॅक. दुसरा अॅरे घ्यायचा तर नुसत्या याद्यांनाच २८०० बाइट हवेत.

त्याने तरीही करून पाहिलं, आणि बरं झालं, कारण यात एक खाचखळगा आहे. दुसरा अॅरे फंक्शनच्या बाहेर जाहीर केला तर आर्डुइनोचा कंपायलर `data section exceeds available space in board` म्हणून सरळ नकार देतो. तोच अॅरे फंक्शनच्या आत जाहीर केला की तो स्टॅकवर जातो. स्टॅकचा हिशेब कंपायलर धरत नाही, त्यामुळे तक्रारही करत नाही. कोड चढला, पेटी चालू झाली, आणि छपाईची वेळ आल्यावर आपोआप रीसेट झाली. नकार मिळाला तर निदान कळतं तरी.

तेव्हा काम जागच्या जागीच करायचं: त्याच अॅरेत, जास्तीची जागा न घेता, आणि शेवटी किती नंबर खरे उरले ते सांगायचं.

जुन्याच कोडमध्ये `n--` नंतर `i--` टाकलं तरी उत्तर बरोबर येतं, हे नोंदवून ठेवते. सातशेही नंबर सारखे असले तर ओढाओढीच्या सुमारे २ लाख ४४ हजार हालचाली होतात, पण १६ मेगाहर्ट्झच्या चिपलाही त्याला सेकंद लागत नाही. म्हणजे वेळेचं कारण पुढे करून जुना कोड टाकून देणं प्रामाणिकपणाचं नाही. माझं कारण वेगळं आहे. त्यात `i`, `j` आणि `n` तिन्ही एकाच वेळी हलतात, आणि अमुक क्षणी अॅरेचा कोणता भाग भरवशाचा आहे हे बोट ठेवून सांगता येत नाही. जे सांगता येत नाही ते तपासता येत नाही.

९ जानेवारी

नवं फंक्शन:

```
uint16_t dedup(uint16_t a[], uint16_t n) {
  if (n == 0) return 0;
  uint16_t w = 1;
  for (uint16_t r = 1; r < n; r++) {
    if (a[r] != a[w - 1]) {
      a[w] = a[r];
      w++;
    }
  }
  return w;
}
```

इथे घर दाखवणारे दोन निर्देशांक आहेत. `r` वाचत जातो, एकेक घर, न थांबता. `w` म्हणजे पुढचा वेगळा नंबर जिथे लिहायचा ते घर. `r` च्या घरातला नंबर शेवटच्या ठेवलेल्या नंबरापेक्षा, म्हणजे `a[w-1]` पेक्षा, वेगळा असेल तरच तो `w` च्या घरात उतरतो आणि `w` एक घर सरकतो. घरांची मोजणी ० पासून होते आणि पहिला नंबर नेहमीच ठेवायचा असतो, म्हणून दोघेही १ पासून सुरू होतात.

कालच्या बीपमधले दहा नंबर घेऊन वहीत हाताने चालवलं:

```
सुरुवात : 21203 21203 21205 21208 21208 21208 21211 21214 21214 21220
```

`r` एकवर: २१२०३, शेवटचा ठेवलेलाही २१२०३, सोडला. `r` दोनवर: २१२०५ वेगळा, तो घर १ मध्ये उतरला, `w` आता २. `r` तीनवर: २१२०८, घर २ मध्ये, `w` ३. पुढचे दोन्ही २१२०८ शेवटच्या ठेवलेल्याशी जुळतात, दोन्ही सुटले. तीनदा बीप झालेलं लेबल म्हणून इथे वेगळं काही करावं लागत नाही. चारदा असतं तरी `r` तसाच पुढे गेला असता. त्यानंतर २१२११ घर ३ मध्ये, २१२१४ घर ४ मध्ये, दुसरा २१२१४ सुटला, २१२२० घर ५ मध्ये. `w` सहावर थांबला, म्हणून उत्तर ६.

मुलाची शंका रास्त होती: "वाचायच्या आधीच एखादा नंबर पुसला गेला तर?" तसं होऊ शकत नाही. `r` प्रत्येक फेरीत सरकतो, `w` काहीच फेऱ्यांत, आणि दोघांची सुरुवात एकाच घरातून. त्यामुळे `w` कधीही `r` च्या पुढे जात नाही. लिहिणं होतं ते वाचून झालेल्या घरात, किंवा फार तर आत्ता वाचतोय त्याच घरात, आणि तेव्हा तोच नंबर स्वतःवरच लिहिला जातो. दुबार एकही नसेल तर संपूर्ण यादी अशी स्वतःवर लिहिली जाते, नुकसान शून्य.

जुन्या कोडबद्दल जे म्हणता येत नव्हतं ते इथे म्हणता येतं. कोणत्याही फेरीच्या सुरुवातीला घर ० ते `w-1` मध्ये आतापर्यंत वाचलेल्या नंबरांपैकी प्रत्येक वेगळा नंबर एकेकदाच आणि क्रमाने आहे. फेरी सुरू होताना हे खरं असेल तर संपतानाही खरं राहतं, आणि `r` शेवटी पोचला की तेच वाक्य संपूर्ण यादीला लागू होतं.

पहिल्या ओळीतली `n == 0` ची तपासणी शोभेची नाही. ती काढली तर रिकाम्या यादीलाही `w` ची सुरुवातीची किंमत, म्हणजे १, परत जाते. सुट्टीच्या दिवशी कोणी पेटी चालू करून पावतीचं बटण दाबलं की एक गठ्ठा छापून येईल, आणि त्यावर नंबर कोणता, तर मेमरीत पडलेला कुठला तरी. आणि `r` ला चुकूनही `uint8_t` करू नये. २५५ नंतर तो पुन्हा ० होतो, त्यामुळे २५६ किंवा जास्त नंबर असले तर `r < n` कायम खरं राहतं आणि पेटी तिथेच गोल गोल फिरत बसते. शंभर नंबरांच्या चाचणीत ही गोष्ट दिसणारच नाही.

१० जानेवारी

फंक्शन पेटीत चढवायचं काम मुलाकडे दिलं. त्याने पावतीच्या आधी `dedup(a, n);` अशी ओळ घातली आणि चाचणीसाठी कालचेच दहा नंबर दिले. पावती अशी आली:

```
21203 21205 21208 21211 21214 21220 21211 21214 21214 21220
```

त्याचं म्हणणं, फंक्शन चुकतंय. फंक्शन ठीक आहे. त्याने परत दिलेला ६ हा आकडा कोणी उचललाच नाही. छपाई जुन्याच `n` वर चालली, दहापर्यंत.

अॅरेची लांबी या कामात बदलत नाही. घर ६ ते ९ मध्ये मूळ यादीतलं जे होतं ते तसंच पडून आहे. ते पुसलेलं नाही, शून्य केलेलं नाही, आणि त्याला काही अर्थही नाही. नवी लांबी हाच या फंक्शनच्या उत्तराचा अर्धा भाग आहे. सी++ मधलं `std::unique` सुद्धा असंच वागतं: नवा शेवट कुठे ते सांगतं, शेपूट तुम्ही कापायची.

ही चूक पावतीवर ओळखायची खूण म्हणजे चढता क्रम मध्येच मोडतो: २१२२० नंतर पुन्हा २१२११. पण या खुणेवर विसंबता येणार नाही. दिवसभरात एकच गठ्ठा आला आणि तो तीनदा बीप झाला असं धरा. यादी २१३०१, २१३०१, २१३०१. फंक्शन चालल्यावरही अॅरेत नेमकं हेच दिसतं, एकही घर बदललेलं नसतं. फरक फक्त परत आलेल्या १ मध्ये. अॅरे बघून काही कळायचं नाही.

ओळ `n = dedup(a, n);` अशी केली. शिवाय फंक्शनच्या घोषणेला `__attribute__((warn_unused_result))` जोडलं, म्हणजे पुढे कोणी आकडा टाकून दिला तर कंपायलर टोकेल. मात्र आर्डुइनोच्या सेटिंगमध्ये कंपायलरचे इशारे मुळात बंद असतात, ते चालू करून ठेवले. टोकणाऱ्याचं तोंडच बांधलेलं असेल तर उपयोग काय.

संध्याकाळी पेटी गोदामात लावली. काकांनी मुद्दाम एका लेबलवर स्कॅनर धरून पाच-सहा वेळा बीप केला. पावतीवर एकच ओळ. काही बोलले नाहीत, पावती घडी करून खिशात टाकली.

१६ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेमुळे मधले दिवस कारखान्यात कोणी नव्हतं. आज सगळे परतले आणि मालकांची नवी मागणी आली. गठ्ठा गोदामात येताना बीप होतो, तसाच आता बाहेर जातानाही करायचा. म्हणजे एका लेबलचे जास्तीत जास्त दोन बीप खरे. तिसऱ्यापासून पुढचे काढायचे.

मुलाने जेवणाच्या सुट्टीत बदल करून आणला. एक घर मागे बघत होतो, आता दोन घरं मागे बघायचं. कल्पना बरोबर आहे, पण त्याने `a[r] != a[r-2]` लिहिलं होतं, म्हणजे वाचणाऱ्याच्या दोन घरं मागे. मी म्हटलं, `a[w-2]` हवं, ठेवलेल्यांपैकी शेवटून दुसरा. त्याचा प्रतिवाद: "पण ताई, परवा मी `a[r-1]` वापरून बघितलं होतं, तेही बरोबर चाललं होतं."

खरं आहे ते. साध्या प्रकारात दोन्ही चालतात आणि म्हणूनच इथे पाय घसरतो. घर `r-1` वर लिहिलं जाण्याची एकच वेळ, जेव्हा `w` त्याच घरात होता, आणि तेव्हा त्यात त्याचाच नंबर पुन्हा लिहिला गेला. म्हणून `a[r-1]` नेहमी मूळचाच असतो. घर `r-2` ची अशी हमी नाही. मागच्याच फेरीत, `r` एक घर मागे असताना, `w` तिथे लिहून गेलेला असू शकतो.

वहीत मांडून दाखवलं. २१३०१ तीनदा, २१३०२ दोनदा, २१३०३ एकदा:

```
घर      :     0     1     2     3     4     5
सुरुवात : 21301 21301 21301 21302 21302 21303
```

पहिले दोन ठेवले, `w` दोनवर. घर २ मधला २१३०१ सुटला. घर ३ मधला २१३०२, दोन घरं मागे २१३०१, वेगळा. म्हणून घर २ मध्ये उतरला. आता `r` चारवर. इथे दुसरा २१३०२ आहे, आणि दोन घरं मागे म्हणजे घर २ मध्ये मुळात २१३०१ होता, पण आत्ताच तिथे २१३०२ लिहिला गेलाय. सारखे दिसले, सोडून दिला. उत्तर आलं २१३०१, २१३०१, २१३०२, २१३०३. खरं उत्तर पाच नंबरांचं. २१३०२ चा जाण्याचा बीप गेला. गठ्ठा गाडीत बसून गेला तरी पेटी तो गोदामातच दाखवणार.

`w` वर आधारलेली तुलना अशी फसत नाही, कारण `w` च्या मागचा भाग हा आपण पारखून ठेवलेलाच भाग आहे:

```
if (w < 2 || a[r] != a[w - 2]) a[w++] = a[r];
```

यात `r` आणि `w` दोन्ही ० पासून सुरू होतात, आणि रिकाम्या यादीची वेगळी तपासणी लागत नाही. साध्या प्रकारातही मी `a[w-1]` च धरते, ते याचसाठी. दुबार आढळण्यासाठी नंबर चढतेच असले पाहिजेत असं नाही, हेही मुलाच्या लक्षात आलं. उतरते असले तरी चालतं, सारखे नंबर शेजारी शेजारी असले की झालं. क्रमच लावला नाही तर मात्र दूरदूर पडलेले दोन सारखे नंबर दोन्ही राहतात, आणि फंक्शन कसलीही कुरकुर करत नाही.

१७ जानेवारी

कालचा कोड बरोबर आहे आणि तरीही मी तो पेटीत चढवणार नाही.

कारण गोदामातल्या पोरांच्याच सवयीत आहे. चुरगळलेल्या लेबलवर येतानाच तीनदा बीप झाला आणि गठ्ठा गेलाच नाही, तर यादीत त्या नंबराचे तीन बीप असतील आणि फंक्शन त्यातले दोन ठेवेल. पावती म्हणेल आला आणि गेला. नुसत्या नंबरावरून कोणता बीप येण्याचा आणि कोणता जाण्याचा हे कोणत्याही निर्देशांकाला कळणार नाही. माहितीच यादीत नाही.

मग माहिती नंबरातच घालायची. पेटीवर आवक-जावकचं बटण तसंही बसवायचं आहे. लेबल दुप्पट करून त्यात आवकसाठी ०, जावकसाठी १ मिळवायचा:

```
uint16_t key = label * 2 + door;
```

कालचंच उदाहरण घेते: २१३०१ ला आवकचे तीन बीप, २१३०२ एक आवक एक जावक, २१३०३ फक्त आवक. क्रम लावल्यावर यादी ४२६०२, ४२६०२, ४२६०२, ४२६०४, ४२६०५, ४२६०६. यावर ९ तारखेचं साधं `dedup` चालवलं की उरतात ४२६०२, ४२६०४, ४२६०५, ४२६०६, उत्तर ४. लेबल परत हवं असेल तर `key >> 1`, दार हवं असेल तर `key & 1`. एकाच लेबलचे दोन्ही बीप क्रमाने शेजारी येतात, आधी आवक मग जावक. शेजारी जोडीदार नसलेला आवकचा नंबर म्हणजे गोदामात उरलेला गठ्ठा. इथे २१३०१ आणि २१३०३ उरले.

दोन मर्यादा. एक, लेबल ३२७६७ च्या वर गेलं तर दुप्पट दोन बाइटांत मावत नाही. कारखान्यात लेबलांची गिनती १ एप्रिलला पुन्हा १ पासून सुरू होते आणि सध्या एकवीस हजारांत आहे, तेव्हा यंदा पुरेल. तरी त्याहून मोठं लेबल आलं तर पेटीने लांब बीप देऊन नाकारायचं, अशी अट घातली. दोन, `label` हा `int` नको. उनोवर `int` दोन बाइटांचा आणि चिन्हासह असतो, २१३०१ ची दुप्पटही त्यात मावत नाही.

२० जानेवारी

काकांची एक सूचना, आणि ती कोडपेक्षा मोलाची. कधीकधी लेबल छापणाऱ्या मशिनवरच एक नंबर दोनदा छापला जातो आणि खरोखरचे दोन वेगळे गठ्ठे एकाच नंबराने येतात. "तुमची पेटी त्यातला एक गिळून टाकणार, मग गाडीत जास्त, पावतीवर कमी." दुबार बीप आणि दुबार लेबल यांत फंक्शनला फरक दिसू शकत नाही.

म्हणून `dedup` च्या आधी, यादी क्रमाने लागलेली पण अजून अख्खी असताना, जे नंबर एकापेक्षा जास्त वेळा आले ते आणि किती वेळा आले याची छोटी पट्टी वेगळी छापायची. क्रम लागलेला असल्याने सारखे नंबर सलग असतात, मोजायला एक फेरी आणि एक मोजणारा चल पुरतो. पट्टीवरचे गठ्ठे काका डोळ्यांनी बघून घेतील. पट्टी `dedup` च्या नंतर छापली तर ती कायम रिकामी येईल, म्हणून त्या दोन ओळींच्या मध्ये टिप्पणी घातली: क्रम बदलू नये.

उद्या पट्टीचा कागद ५८ मिलिमीटरचा आणायचा आहे, आणि बटणाला आवक-जावकची पाटी चिकटवायची आहे.